मदत हवी आहे: घरातली अंगाई अरबीत करून हवी, ठेका न मोडता

फोंडेकरीण: लेक रविवारच्या विमानाने कुवेतला परत चाललीय, त्याआधी हवं आहे. सासूबाईंनी रचलेली अंगाई आहे:

डोल रे राजा, डोल रे डोल
पाळण्याला बांधली मोत्यांची ओळ
जो जो जो, जो जो जो

कुणाकुणाकडून अर्थ करून घेतला, पण तो म्हणायला गेलं की बातम्या वाचल्यासारखं वाटतं. हात पाळण्यावर असताना म्हणता आलं पाहिजे. लवकर सांगा.

सांजवेळ: बाळ झोपत नाही का? जायफळ उगाळून दुधातून द्या, अगदी चिमूटभर. माझ्या नातवाला त्यानेच गुण आला.

फोंडेकरीण: झोपते हो ती. गाणं हवंय.

भाषाप्रेमी_म्हापसा: शुद्ध अरबीतच करा, ती सगळ्या देशांत कळते. ‘झोप’ म्हणजे ‘नम’, पाळणा म्हणजे ‘मह्द’. बोलीच्या भानगडीत पडू नका.

खाडीवाला: कळते हे खरं, पण झोपवायला उपयोगाची नाही. ‘नम’ म्हणून बघा, तोंड लगेच मिटतं. आपलं ‘डोल’ पाळणा या टोकाकडून त्या टोकाकडे जाईपर्यंत ओढता येतं. बोलीत ‘नाम’ म्हणतात, तो आ हवा तेवढा लांबतो. ‘मह्द’ची अडचण आणखी मोठी, शेवटी दोन व्यंजनं चिकटलेली, त्यावर सूर थांबणार कुठे? पाळणा सोडा, पलंग घ्या: ‘सरीर’.

मोती मात्र सोडू नका. अरबीत मोत्याला बोलताना ‘लूलू’ म्हणतात, अंगाईला याहून चांगला शब्द मागूनही मिळायचा नाही. ‘ओळ’मधला ळ अरबीत नाही, आणि लांब ओ पुस्तकी अरबीत सापडत नाही, म्हणून यमक ऊवर नेलंय:

नाम या रूही, नाम या नूर
फोग सरीरक लूलू यदूर

नीज रे माझ्या जिवा, नीज रे उजेडा, तुझ्या पलंगावर मोती गरगर फिरतात. मोती बांधलेले राहिले नाहीत, फिरायला लागले, एवढी सूट घेतली.

डिचोलीकर: लूलू म्हणजे ते सुपरमार्केट ना? पोरगी झोपायच्या ऐवजी खरेदीला निघायची 😄

माणकुलें: गोव्यात राहून अरबी कसली, कोकणी पाळणा शिकवा की पोरीला.

डिचोलीकर: आला हा. आता धागा मराठी-कोकणीवर जाणार, चारशे प्रतिसाद नक्की.

खाडीवाला: थांबा, ‘पोरगी’ म्हणताय? वर ‘रे राजा’ लिहिलंय.

फोंडेकरीण: नातच आहे, दीड वर्षाची. आमच्याकडे मुलीलाही ‘रे राजा’ म्हणतात, तुमच्याकडे नाही का?

खाडीवाला: आमच्याकडेही म्हणतात, पण अरबी क्रियापद ऐकत नाही. मुलीला ‘नामी’ म्हणावं लागतं. एक अक्षर वाढतं, पण नुकसान नाही: ‘ना’ ओढा आणि ‘मी’ पाळणा वळताना हलकेच टाका. ‘सरीरक’चं कुवेतच्या बोलीत ‘सरीरिच’ होईल. आणि गाणार कोण? लेक?

फोंडेकरीण: नाही, लेक कामावर जाते. सांभाळायला एक इजिप्तच्या बाई येतात, त्या म्हणणार.

खाडीवाला: हे आधी सांगायचं होतं! मग ‘सरीरिक’ ठेवा, च नको. ‘फोग’मधला ग त्या घशात गिळतील, ‘फोऽ’ एवढंच ऐकू येईल, ते उलट मऊच लागतं.

भाषाप्रेमी_म्हापसा: बघा, म्हणून म्हणत होतो, बोलीला अंत नाही. आज इजिप्त, उद्या सुदान.

खाडीवाला: बाई बदलली की एखादं अक्षर बदलेल, नूर-यदूर तसंच राहील.

फोंडेकरीण: आणि ‘जो जो’चं काय?

खाडीवाला: त्याला अर्थच नाही, तर बदलायचं कशाला? तसंच राहू द्या. फक्त अरबी अक्षरांत लिहून देऊ नका. इजिप्तमध्ये ज या अक्षराचा उच्चार ग करतात आणि तिथे लिहिलेला ओ सहज ऊ वाचला जातो. ‘जो जो’चं काय होईल ते तुम्हीच म्हणून बघा.

डिचोलीकर: 😂😂 सासूबाईंना कळवू नका.

खाडीवाला: म्हणून कागद नको, तुमच्या आवाजात पाठवा. पाळणा हलवतच म्हणा, म्हणजे ठेका बाईंना ऐकूनच कळेल.

सांजवेळ: जायफळ चालत नसेल तर पायाच्या तळव्यांना कोमट तेल लावा.

फोंडेकरीण: आवाज पाठवला. त्या ‘लूलू’ला ‘लूली’ म्हणतात. दुरुस्त करायला सांगू का?

खाडीवाला: अजिबात नको, त्यांच्याकडे लूलीच म्हणतात.

भाषाप्रेमी_म्हापसा: मूळ शब्दात ‘लु’नंतर घशात थांबा आहे, तो दोन्हीकडे गेला, याची कुणाला खंत नाही.

फोंडेकरीण: दुसरं कडवंही आहे, त्यात चिमणी आणि मऊ भात आहे. उद्या टाकते.