नदी ओलांडण्याच्या जागेला काय म्हणावे : ‘उतार’, ‘तर’ की आणखी काही?

काठावरची

मी एक कथा लिहीत आहे आणि तिच्यातल्या एका शब्दापाशी अडले आहे. कथा नीरा नदीच्या दोन काठांवरच्या दोन गावांची आहे. एक गाव पुणे जिल्ह्यात आणि समोरचे सातारा जिल्ह्यात असून गावांची नावे मी कल्पित ठेवली आहेत. दोन्ही गावे नदी ज्या जागी ओलांडतात तिला ‘तरवडी’ म्हणतात. तिथे पूल झाल्यावर फलकावर नाव कसे लिहायचे यावरून वाद पेटतो. अलीकडचे गाव म्हणते, काठावर तरवडाची झुडपे होती म्हणून तरवडी. पलीकडच्या गावाचे म्हणणे असे, की तिथे ‘तर’, म्हणजे लोकांना पलीकडे नेणारी नाव, चालत असे, तरीवर काम करणाऱ्यांची चार घरे होती, म्हणून ती मुळात ‘तरवाडी’ आहे आणि फलकावर तसेच लिहिले पाहिजे.

कथेत मी त्या जागेला सरळ ‘उतार’ म्हटले होते, कारण आमच्या आजोळी सगळे तसेच म्हणत. ज्या मासिकाकडे कथा पाठवली तिथल्या संपादकांनी मात्र कळवले, की आजचा वाचक ‘उतार’ म्हणजे घसरण समजेल, तेव्हा ‘घाट’ करावे. मला ‘घाट’ पटत नाही. अशा जागेला आपल्याकडे काय म्हणतात, आणि ‘उतार’ खरोखरच कोणाला कळणार नाही का?

मोडीवाचक

‘उतार’ बदलू नका. नदी पायी ओलांडता येईल अशी जागा, आणि तशी ओलांडता येण्याजोगी नदीची स्थिती, या दोन्हींसाठी मराठीत हाच शब्द आहे. ‘नदीस उतार नाही’ म्हणजे पाणी इतके आहे, की पायाला ठाव लागत नाही. लढायांच्या हकिकतींत या एका गोष्टीवर मोहिमा अडलेल्या दिसतात. 1760 च्या ऑक्टोबरात भाऊसाहेब कुंजपुऱ्याकडे असताना अब्दालीने बागपताजवळ यमुनेला उतार शोधून सैन्य अलीकडे आणले आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाट तुटली. तिथे ‘उतार’च्या जागी ‘घाट’ घालून पाहा, म्हणजे अर्थ किती बिघडतो ते कळेल. घाट माणसाने बांधलेला असतो आणि त्याच्या पायऱ्या पाण्यात संपतात, तर उतार नदीनेच घडवलेला असतो आणि तो समोरच्या काठाला नेऊन पोचवतो.

‘पायउतार’ हा शब्दही मुळात याच अर्थाचा आहे. आज तो फक्त पद सोडणाऱ्या मंत्र्यांसाठी उरला आहे, याचे मला वाईट वाटते.

शारदानंद

‘उतार’ शब्द योग्य असला तरी त्याच्या मुळाशी जायला हवे. उतार, तर, तारू, तारी, अवतार आणि तीर्थ हे सगळे शब्द संस्कृतातल्या ‘तॄ’ या एकाच धातूपासून आले आहेत. ‘तीर्थ’चा जुना अर्थ नदी ओलांडण्याची जागा असाच आहे आणि पावित्र्याचा अर्थ त्यावर नंतर चढला. त्यामुळे लेखिकेने कथेत ‘तीर्थ’ हा शब्द मूळ अर्थाने वापरून त्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून द्यावी, असे मी सुचवतो. गावाचा वादही याच न्यायाने मिटतो. जागा ओलांडण्याची आहे, तेव्हा नाव ‘तर’वरूनच आलेले असणार. झुडपाचा संबंध लोकांनी मागाहून जोडला आहे.

मोडीवाचक

धातूबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, पण निष्कर्ष त्यातून निघत नाही. ‘तर’ हा शब्द ओलांडण्याशी जोडलेला आहे, एवढ्याने ‘तरवडी’तला ‘तर’ तोच आहे असे ठरत नाही. झुडपाच्या नावातही तीच दोन अक्षरे आहेत. आणि नीरेकाठचा शेतकरी आपल्या बैलांना तीर्थातून पलीकडे नेतो असे लिहिले, तर ते कोणालाही खरे वाटणार नाही.

पैलतड

मी सिंधुदुर्गातला आहे. आमच्याकडे ‘तर’ हा रोजचा शब्द होता. ‘तरीवर जाऊन बसलो’ म्हणजे होडीची वाट पाहत बसलो. होडी चालवणारा तो तारी, आणि तारी हे आडनावही आमच्याकडे आणि गोव्यात पुष्कळ आहे. गोव्यात शिवोलीच्या धक्क्याला आजही ‘तार’ म्हणतात. माझे आजोबा खाडीपलीकडच्या शाळेत शिकवत आणि भरतीची वेळ बघून घरून निघत.

आमच्या ओढ्यावर मात्र सुपारीच्या खोडांचा साकव असे आणि दर पावसाळ्यानंतर तो नव्याने बांधावा लागे. आपल्या कथेत साकव का घेत नाही? शब्दही गोड आहे आणि शहरातल्या वाचकालाही तो माहीत आहे.

काठावरची

पैलतड, साकव ओढ्यावर शोभतो. माझी नीरा पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहणारी आहे, तिच्यावर तो टिकणार नाही. शिवाय साकव आला की ओलांडण्याची अडचणच संपते आणि माझी कथा त्या अडचणीवरच उभी आहे. पण ‘तरीवर’ हे रूप आपण दिलेत याचा मला उपयोग आहे. पलीकडच्या गावातली म्हातारी नेमकी तशीच बोलते.

माळरान

मी फलटण भागात शेती करतो आणि झुडपाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. तरवड आमच्याकडे माळावर, मुरमाड उताराला, रस्त्याच्या कडेला सगळीकडे आहे. पिवळ्या फुलांनी पावसाळ्याअखेर माळ भरून जातो. पूर्वी चांभार आणि ढोर समाजातले लोक कातडे कमावण्यासाठी त्याची साल नेत. पण तरवडाला ओल सोसत नाही. नदीच्या वाळूत लव्हाळे, वाळुंज, निरगुडी, करंज दिसतील, तरवड दिसणार नाही. तेव्हा तरवड कथेत ठेवायचा असेल तर तो दरडीच्या वर, जिथून वाट खाली नदीत उतरते तिथे ठेवा. तिथे तो खात्रीने असतो, आणि वाट ओळखण्याची खूण म्हणून लोक अशीच झुडपे सांगतात.

दुसरे म्हणजे कातडे कमावायला वाहते पाणी लागते. साल गोळा करणारे माळावरून नदीवर तिथूनच येत असतील, तर झुडपाचे नाव जागेला पडायला ते कारणही पुरेसे आहे. हे मी अंदाजाने सांगतो आहे.

जुना पाटबंधारे

माझी नोकरी नदीकाठी गेली आहे. कोणी अजून विचारला नाही असा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. उतार आणि तर एकाच जागी असू शकतात का?

उताराला पाणी उथळ लागते. नदी वळणावर खोल जाते आणि तिथे डोह होतो. दोन वळणांच्या मधल्या सरळ भागात प्रवाह एका काठाकडून दुसऱ्याकडे जातो, तिथे पात्र पसरते आणि गोटे व वाळू साचून पाणी गुडघ्याएवढे होते. किंवा पात्रात आडवा कातळ लागतो आणि त्यावरून पाणी पातळ होऊन वाहते. जुनी गाडीवाट अशाच जागा धरते आणि बहुतेक वेळा पात्र तिरके कापते, कारण उथळ पट्टा स्वतःच तिरका असतो. नावेला याच्या उलट हवे असते. तिला खोल आणि संथ पाणी लागते. म्हणून नाव डोहातून सोडतात, आणि प्रवाह खाली ओढतो म्हणून पोचायच्या जागेच्या बरेच वरून सोडतात.

त्यामुळे कथेतल्या गावांना एकच बिंदू देऊ नका. पावसाळ्यातली तर वरच्या डोहात असेल आणि कार्तिकानंतरचा उतार खाली गोट्यांवर असेल. मधल्या दोनतीनशे पावलांच्या साऱ्या पट्ट्याला दोन्ही गावे एकच नाव देतील. अलीकडच्या गावाची वाट दरडीवरच्या तरवडातून उताराला येते आणि पलीकडच्या गावाचे नावाडी डोहाशी राहतात, तर दोन्ही गावांच्या आठवणी खऱ्या असू शकतात. वर भाटघर आणि वीर ही धरणे झाल्यावर नदीचे पाणी सोडण्यावर चालू लागले, आणि ‘उतार कधी पडेल’ हे महिन्यावरून सांगण्याची जुनी रीत मोडली. आजच्या पिढीला ‘उतार’ शब्द कळत नसेल तर त्याचे हेही एक कारण आहे.

काठावरची

हे वाचून मला कथेचा मधला भाग पुन्हा लिहावा लागणार आहे. मी नाव आणि बैलगाडी एकाच ठिकाणी एकाच दिवशी दाखवली होती.

शारदानंद

तरीही शब्दाचा निवाडा राहिलाच. ‘वाडी’तला ‘वा’ झिजून ‘व’ होतो. कृष्णाकाठच्या भिलवडीकडे पाहा. भिल्लांची वाडी ती भिलवडी, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

मोडीवाचक

ऐकलेले आणि सिद्ध झालेले यांत अंतर आहे. भिलवडीच्या नावाची व्युत्पत्तीच पक्की नसताना तिच्या आधाराने दुसरी पक्की करता येणार नाही. आपल्याकडे शेकडो वाड्यांच्या नावांत ‘वा’ धडधडीत टिकून आहे. उलट झाडावरून स्त्रीलिंगी गावनाव होणे ही अगदी रुळलेली रीत आहे. पळसावरून पळशी, जांभळावरून जांभळी, पिंपळावरून पिंपळी. त्या चालीने तरवडावरून तरवडी सहज होते. नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे गाव आहेही, जिथून मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ काढत असत.

हा वाद अशा रीतीने सुरू कसा होतो, तेही कथेत यावे असे मला वाटते. मोडीत इकार-उकाराचे ऱ्हस्वदीर्घ पाळत नाहीत, पण काना लिहितात. जुन्या कागदावर ‘वडी’ आणि ‘वाडी’ सहसा वेगळे ओळखू येतात. गोंधळ होतो तो नाव रोमन लिपीतल्या नकाशात गेल्यावर, कारण तिथे ‘व’ आणि ‘वा’ दोन्हींना एकच अक्षर लावतात. मग फलक रंगवणारा नकाशावरून नाव परत देवनागरीत आणतो आणि त्याला ओळखीचे वाटते ते ‘वाडी’ लिहून मोकळा होतो. पलीकडच्या गावाचा दावा आधीचा आहे की फलकानंतरचा, हे लेखिकेने ठरवून टाकावे.

पैलतड

‘वाडी’ आणि ‘तरवड’ सोडून तिसरी शक्यता कोणी पाहिली नाही. तरीजवळचा वड! आमच्या खाडीकाठी होडीची वाट पाहणारे लोक वडाच्याच सावलीत बसत. तरवड म्हणजे तरीचा वड आणि तिथली वस्ती ती तरवडी.

माळरान

वड नदीकाठी असतोच, त्यामुळे हे अशक्य म्हणता येत नाही. पण मग तिसरे गाव काढावे लागेल.

काठावरची

तरीच्या वडाचा विचार मी केला नव्हता. पलीकडच्या म्हातारीच्या तोंडी तो घालण्याचा मोह होतो आहे, पण मग ती स्वतःच्याच गावाविरुद्ध बोलू लागेल.

जुना पाटबंधारे

घालावा. नावाड्याच्या घरातली असेल तर तिला गावापेक्षा तर जवळची वाटेल. नावाड्याला दोन्ही गावांकडून सुगीला धान्य मिळे आणि गावकऱ्यांना तो पैसे न घेता पलीकडे सोडी. रोख पैसे परगावच्या लोकांकडून येत. पूल झाल्यावर ते धान्य थांबले. ‘तरवाडी’ असे फलकावर लिहून घेण्याची धडपड त्या घराने का केली असेल, याचे उत्तर मला भाषेपेक्षा इथे जास्त दिसते.

शारदानंद

म्हणजे व्युत्पत्तीला काही किंमतच नाही, असे आपले मत दिसते. मला ते मान्य नाही. खरे मूळ एकच असते.

मोडीवाचक

मूळ एकच असेल, पण ते कागदाशिवाय सापडणार नाही. आणि कथेतल्या गावाचा कागद लेखिकेच्याच हातात आहे.

काठावरची

संपादकांना मी कळवले आहे, की ‘उतार’ राहील, आणि पहिल्याच परिच्छेदात बैल गुडघाभर पाण्यातून जाताना दाखवीन, म्हणजे अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान एक विचारायचे राहिले. नीरेकाठी नाव चालवणाऱ्याला जुने लोक ‘तारी’ म्हणत, ‘नावाडी’ म्हणत की ‘कोळी’? माझ्या आजोळी मी ‘नावाडी’च ऐकले आहे, पण त्या गावी तर केव्हाच बंद झाली होती.