कामाचा चार्ज देताना-घेताना काय राहून गेलं? अनुभव सांगा

धागा सुरू करणारी, हिंगणा एमआयडीसी

मी एका छोट्या कारखान्याचं ऑफिस सांभाळते. आमचे अकाउंटंट दादा नऊ वर्षांनी काम सोडून गेले. जाताना त्यांनी चार पानांची हँडओव्हर शीट मनापासून करून दिली: कामं, संपर्क, अपुरी कामं आणि सगळ्या पोर्टलचे युजर आयडी-पासवर्ड. १२ तारखेला ते गेले, म्हणजे ११ तारखेचं विक्रीचं विवरण, जीएसटीआर-१, त्यांच्याच हातून झालं होतं. मला निर्धास्त वाटलं.

२० तारखेला कर भरायचं विवरण, जीएसटीआर-३बी, भरायला बसले. लॉगिन झालं, आकडे भरले, चलान झालं. शेवटी सहीऐवजी चालणारं ईव्हीसी मागितलं आणि ओटीपी गेला दादांच्या मोबाइलवर. मालकांच्या नावाची फर्म आहे, सहीचा अधिकारही त्यांचाच, पण नोंदणीच्या वेळी नंबर आणि जीमेल दोन्ही दादांचे टाकले होते. दादांनी गावी जाऊन सिम बदललं होतं आणि त्या जीमेलचा पासवर्ड आठवत नव्हता. पत्रकात या गोष्टीचा एक शब्दही नव्हता, कारण आमच्या नमुन्यात तो रकानाच नव्हता.

शेवटी पोर्टलवर आमचा अधिकारक्षेत्राचा अधिकारी कोण ते शोधलं आणि मालक स्वतः कागदपत्रं घेऊन गेले. अधिकाऱ्यांनी नवा मोबाइल आणि ईमेल टाकून दिला, ईमेलवर तात्पुरता पासवर्ड आला. ३बी २६ तारखेला गेलं. विलंब शुल्क दिवसाला ५० प्रमाणे ३०० रुपये लागलं. रोखीने भरायचा कर १,८०,००० होता, त्यावर १८ टक्क्यांनी सहा दिवसांचं व्याज ५३३ रुपये. रक्कम छोटी आहे, पण ते सहा दिवस मला झोप नव्हती.

आता मी नमुना नव्याने करून राहिली आहे. तुमच्याकडे काय निसटलं, ते लिहा.

दुकानदार, इतवारी

ताई, एवढं कशाला? जाणाऱ्याकडून सगळे पासवर्ड एका वहीत लिहून घ्यायचे, मालकाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे. आणि सहीचं ते डोंगल असते ना, तेही ठेवून घ्यायचं. मी दोनदा असंच केलं, काही अडलं नाही.

करसल्लागार, सीताबर्डी

भाऊ, वही मालकाकडे असावी हे तुमचं बरोबर आहे, पण ताईंकडे पासवर्ड होताच, तरी काम थांबलं. आणि डोंगलमधली डिजिटल सही जर जाणाऱ्या माणसाच्या नावाची असेल, तर ती त्याची स्वतःची सही आहे. तो गेल्यावर दुसऱ्याने ती वापरली, तर कागदावर त्याचं नाव राहतं आणि उत्तर त्यालाच द्यावं लागतं. ती त्याला परत द्या, पोर्टलवरून त्याचं नाव काढा आणि नव्या माणसाची सही नोंदवा. मालकाच्या नावाची सही अकाउंटंटकडे ठेवलेली असेल, तर ती परत घेतल्याचं मात्र पत्रकात जरूर लिहा.

मी माझ्या पक्षकारांना प्रवेशाच्या भागात पासवर्ड लिहूच देत नाही. हे पत्रक ईमेलने फिरतं, प्रिंट निघते, व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. त्याऐवजी प्रत्येक पोर्टलसमोर पाच गोष्टी: युजर आयडी, नोंदवलेला मोबाइल कोणाचा, ईमेल कोणाचा, कोणाची सही चालते, आणि हे बदललं ती तारीख. शेवटचा रकाना रिकामा असेल, तर चार्ज झालेला नाही असं मी मानतो.

बदल करायचा तर माणूस खुर्चीवर असतानाच करा. जीएसटीत नोंदणीच्या दुरुस्तीमध्ये ‘नॉन-कोअर’चा पर्याय आहे, तिथे अधिकृत सहीकर्त्याचा मोबाइल-ईमेल बदलतो. जुना आणि नवा असे दोन्ही फोन टेबलावर ठेवून बसायचं. पीएफ, आयकर, बँक, ई-वे बिल, प्रत्येकाचं वेगळं करावं लागतं. एकाचं झालं म्हणून दुसऱ्याचं होत नाही.

आणखी एक. चलानाचे पैसे २० तारखेच्या आत पोर्टलवरच्या रोख खात्यात जमा झाले आणि ३बी भरेपर्यंत तिथेच राहिले, तर त्या रकमेवर व्याज लागत नाही. २०२४ मध्ये नियमात तशी दुरुस्ती झाली. तुमचं चलान कधी भरलं गेलं, ते बघा.

धागा सुरू करणारी

चलान तयार २० लाच केलं होतं, पण विवरण जात नाही म्हणून मालकांनी पैसे २६ लाच भरले. हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

सॉफ्टवेअर कंपनीत, मिहान

माझं वेगळं आहे. मी चार्ज व्यवस्थित दिला, तरी रिलिव्हिंग लेटर दोन महिने अडकवलं. हँडओव्हर पूर्ण नाही म्हणे. काय राहिलं ते कोणी सांगत नव्हतं. यावर काय करायचं?

करसल्लागार, सीताबर्डी

हा प्रश्न जरा वेगळा आहे, पण एक जागा इथल्या नमुन्यातही हवी. पत्रकाच्या शेवटी देणारा, घेणारा आणि वरिष्ठ या तिघांच्या सह्या, तारखेसकट. घेणाऱ्याला काही कमी वाटलं तर ते त्याच दिवशी तिथेच लिहायचं. तुमच्या अडकलेल्या पत्राचं काय करायचं, ते नेमणूकपत्रातल्या अटी पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

ट्रान्सपोर्ट ऑफिस, वाडी

मी संपर्कांबद्दल सांगतो. आमच्या जुन्या डिस्पॅचवाल्याने साठ नंबर दिले होते, नाव आणि नंबर, बस. त्यातला कोण कशासाठी, ते कळतच नव्हतं. एका गोदामाचा नंबर लावला तर तो मुकादम चार वर्षांपूर्वीच निघून गेला होता. आता मी नवीन माणसाला वीसच नंबर देतो, पण पुढे लिहितो: ‘गाडी गेटवर अडली तर याला, दुपारी चारनंतर, बिलाचं याला विचारू नका.’ आणि त्या विसांपैकी निदान दहा जणांना जाणाऱ्याने स्वतः फोन लावून नव्या माणसाशी बोलणं करून द्यायचं. पार्ट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्याच्या खाजगी नंबरवर असतात, ते तो बाहेर पडण्याआधी बघा बावा.

धान्य व्यापारी, कळमना

आमच्याकडे अपुरी कामं नव्हती म्हणून तो भाग कोरा सोडला होता. पण वर्षातून एकदाच येणारं काम कोणीच लिहिलं नाही. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची वैधमापनवाल्यांकडून दरवर्षी पडताळणी करावी लागते. मुनीमजी गेले, तारीख निघून गेली, तपासणीत पकडलं गेलो.

धागा सुरू करणारी

हे मला फार पटलं. तीस दिवसांच्या नोटिशीत ११ आणि २० तारीख एकदा येतेच, म्हणून महिन्याची कामं डोळ्यासमोर होऊन जातात. तिमाही आणि वार्षिक कामं त्या खिडकीत येतातच असं नाही. मी आता एप्रिल ते मार्च असा बारा महिन्यांचा वेगळा तक्ता ठेवणार. त्यात टीडीएसची तिमाही विवरणं, विमा, काटा, अग्निशामक सिलिंडर, सगळं.

अपुऱ्या कामांचंही तसंच. दादांनी लिहिलं होतं, ‘पुण्याच्या पार्टीचं क्रेडिट नोट बाकी’. आता मी तीच ओळ अशी लिहिली: ‘मालात कमतरता, रक्कम ठरली, पार्टीचं पत्र आलं आहे, आपल्याकडे मालकांच्या सहीसाठी अडलं आहे, महिना संपायच्या आत काढली तर या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये घेता येईल.’

आणि शेवटचा एक महिना नव्या माणसाने भरायचं, जुन्याने नुसतं शेजारी बसून बघायचं. दादांच्या हातून ११ तारखेचं काम झालं नसतं, मी केलं असतं, तर ओटीपीची गोष्ट त्याच दिवशी कळली असती.

एक गोष्ट मात्र ठरत नाहीये. माणूस गेल्यावर किती दिवस फोन करावा? मी दादांना सहा दिवसांत अकरा फोन केले, त्यांनी सगळे घेतले.

ट्रान्सपोर्ट ऑफिस, वाडी

आमच्याकडे पंधरा दिवस, तेही संध्याकाळी सातनंतर, असं पत्रकातच लिहितो.

दुकानदार, इतवारी

मला नाही पटत. नऊ वर्षं एकत्र काम केलेल्या माणसाला काय तारीख लावायची? आणि हो, आत्ताच बघितलं, माझ्या दुकानाच्या जीएसटीत मोबाइल नंबर भाच्याचा आहे. तो पुढच्या महिन्यात बंगलोरला चालला.