अनामतीचा दर बदलल्यावर हिशेब का चुकतो

> दर वाढवल्यापासून ग्राहकाकडचे क्रेट बरोबर दिसतात, पण अनामतीची शिल्लक जुळत नाही. कुठे बघू?

परतावा कोणत्या दराने दिलाय ते आधी बघा. बहुतेक वेळा तिथेच चूक सापडते.

समजा, ग्राहकाने 100 च्या दराने 20 क्रेट नेले आणि दर वाढल्यावर 150 ने आणखी 10. त्याची जमा अनामत 3500. आता 12 रिकामे परत आले. चालू दराने परतावा दिला तर 1800 जातात आणि 18 क्रेटमागे फक्त 1700 उरतात. तेही 150 नेच परत घेतले तर 2700 द्यावे लागतील, म्हणजे 1000 खिशातून. जुन्या 20 क्रेटवरचा 50 चा फरक तो हाच.

म्हणून ग्राहकाच्या खात्यात नुसती एकूण संख्या ठेवू नका, दरानुसार वेगळ्या ओळी ठेवा. परत येणारा माल आधी सर्वांत जुन्या ओळीतून वजा करा. वरच्या उदाहरणात परतावा 1200 होतो. 100 चे 8 आणि 150 चे 10 उरतात, शिल्लक 2300. हा नियम पावतीवरही छापा, नाहीतर ग्राहक नवा दर मागणारच.

रिकामा देऊन भरलेला नेला, तर अनामतीला हातच लावायचा नाही. नोंद फक्त नेलेल्या आणि परत आलेल्या क्रेटच्या संख्येतल्या फरकाची.

चूक शोधायला शिल्लक अनामतीला क्रेटच्या संख्येने भागा. उत्तर सर्वांत कमी दराच्याही खाली आलं, इथे 1700 भागिले 18 म्हणजे साधारण 94, तर त्या खात्यातून जास्त परतावा गेलाय.