मदत हवी आहे: डिरेक्टरीत राइट मिस झाला की कोअर अडकून बसतो

सायनकर (रात्री 9:40)
एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी कॅश कोहेरन्सचा सिम्युलेटर लिहितोय. स्नूपिंगचं व्हर्जन नीट चालतं. डिरेक्टरीचं 4 कोअरवर चालतं, पण 16 वर थोडा वेळ पळतं आणि मग एका राइट मिसला कोअर कायमचा अडकतो. कोड तोच आहे. सोमवारी रिव्ह्यू आहे, दोन रात्री वाया गेल्यात. कृपया लवकर सांगा.

गिरगावकर (9:52)
16च कोअर आहेत ना? मग डिरेक्टरीचा घाट कशाला घातला? बसवर विनंती टाकली की सगळे ऐकतात, ज्याच्याकडे प्रत असेल तो खोडतो. स्नूपिंगच दाखवा आणि मोकळे व्हा.

मधुरा_ठाणे (10:05)
त्यांना डिरेक्टरीच करायची आहे, गिरगावकर. सायनकर, कोअर नेमकी कशाची वाट बघतोय, डेटाची की अ‍ॅकची? अ‍ॅक डिरेक्टरीकडे जातात की लिहिणाऱ्याकडे? अडकलेल्या ब्लॉकचा लॉग टाका.

सायनकर (10:11)
अ‍ॅक थेट लिहिणाऱ्याकडे. 4×4 मेश आहे, एका टप्प्याला एक सायकल. कोअर 5 ला लिहायचंय, होम 15 वर, प्रती 1, 4 आणि 14 कडे.
```
812  GetM     5->15
820  Inv-Ack  14->5
822  Inv-Ack  1->5
822  Inv-Ack  4->5
920  Data     15->5  acks=3
```
यानंतर काहीच नाही. तिन्ही अ‍ॅक आलेत, डेटाही आलाय, तरी अडकलाय!

अंधेरी_बॅकएंड (10:20)
आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. दोन थ्रेडचे काउंटर एकाच 64 बाइटच्या ओळीत होते, दोघे आळीपाळीने लिहायचे आणि प्रोग्रॅम रडतखडत चालायचा. मध्ये रिकामी जागा सोडली, सुटला प्रश्न. तुम्हीही पॅडिंग करून बघा.

मधुरा_ठाणे (10:24)
प्रोग्रॅम संथ चालण्याचा प्रश्न पॅडिंगने सुटेल. हा तर थांबलाय.
सायनकर, विनंती 816 ला होमवर पोचली, मग डेटा 920 ला का? 4 कोअरला मेमरीचा वेळ किती धरला होता?

सायनकर (10:27)
शून्य. 16 साठी सरांनी 100 सायकल धरायला सांगितलं. त्याचा कोहेरन्सशी काय संबंध?

मधुरा_ठाणे (10:41)
तिथेच सगळं आहे. 816 ला होमने तिघांना `Inv` लगेच पाठवले, पण डेटा मेमरीतून यायला 916 उजाडलं. 14 तर होमला लागूनच आहे. त्याला 817 ला निरोप मिळाला आणि तीन टप्प्यांनी 820 ला त्याचा अ‍ॅक तुमच्या दारात. किती अ‍ॅक यायचेत हा आकडा मात्र डेटाबरोबर येतो. म्हणजे तिन्ही अ‍ॅक आकडा कळायच्या आधीच आले. मेमरीचा वेळ शून्य असताना डेटा कधी मागे राहिलाच नाही, म्हणून चूक दिसली नाही. तुम्ही डेटा आल्यावर `pending = acks` करता ना?

स्नूपिंगमध्ये हे मोजावं लागत नाही, कारण बसवरचा क्रम सगळ्यांना एकच दिसतो. त्याची किंमत अशी की प्रत्येक मिसला बाकीचे 15 कॅश आपापले टॅग तपासतात. इथे एकूण 8 निरोपांत भागतं, पण क्रमाची हमी गेली.

सायनकर (10:44)
हो, `=` च आहे.

मधुरा_ठाणे (10:50)
```
on InvAck: pending -= 1
on Data:   pending += acks; have_data = true
done if    have_data && pending == 0
```
सुरुवात शून्यापासून. मधल्या वेळी -3 होईल, होऊ द्या. `have_data` ची अट सोडू नका, नाहीतर डेटा नसतानाच शून्य बघून कोअर लिहायला लागेल.

विक्रोळीवाला (10:58)
त्यापेक्षा अ‍ॅक डिरेक्टरीनेच गोळा करावेत आणि मग डेटा द्यावा. मोजणी एका जागी, घोळच नको.

मधुरा_ठाणे (11:06)
बरोबर आहे, पण नेहमी फुकट नाही. इथे 1 आणि 4 चे अ‍ॅक 826 ला होमवर पोचले असते, डेटा 916 शिवाय निघत नाही, म्हणजे तोटा शून्य. पण ब्लॉक होमच्याच जलद कॅशमध्ये सापडला, तर तयार डेटा अ‍ॅकसाठी खोळंबतो. स्टॅनफर्डच्या DASH मध्येही अ‍ॅक मागणाऱ्याकडेच जायचे.

विक्रोळीवाला (11:10)
पहिल्या प्रोजेक्टला साधेपणा महत्त्वाचा, हे माझं मत कायम.

सायनकर (11:32)
812 पार झालं, मनापासून आभार ताई! पण बरंच पुढे जाऊन कोअर 9 अडकला. acks=3, आलेत दोनच. तिसरा कोअर 6. त्याच्याकडे तो ब्लॉक नाहीच आहे.

मधुरा_ठाणे (11:37)
6 ने जागा करताना शेअर्ड प्रत गुपचूप टाकून दिली असेल, डिरेक्टरीला न कळवता. ब्लॉक नसलेल्या कोअरला `Inv` आला तर तुमचा कोड काय करतो?

सायनकर (11:39)
दुर्लक्ष करतो.

विक्रोळीवाला (11:43)
प्रत टाकताना डिरेक्टरीला कळवायचंच. मग यादी खरी राहते.

मधुरा_ठाणे (11:49)
कळवलं तरी तो निरोप वाटेत असताना `Inv` निघू शकतो. ब्लॉक असो नसो, अ‍ॅक द्यायचाच. सायनकर, तो बदल करा आणि लॉग टाका. 9 कडे आधीच शेअर्ड प्रत होती का तेही बघा. होती तर होमने त्या तिघांत 9 लाच मोजलं नाही ना?

सायनकर (11:55)
रन लावलाय. 9 चं तपासून सांगतो.