मदत हवी आहे: डायरेक्ट मॅप्डमध्ये एक हिट जास्त येऊन राहिला, टू-वेचं मात्र जुळतं

दिग्रसचा_पोट्टा
परवा सीओचा पेपर आहे आणि इकडे अर्ध्या तासात लाईट जाईल, म्हणून थोडक्यात लिहितो. कॅशे २ केबी, ब्लॉक ३२ बाइटचा, पत्ता १६ बिटांचा. डायरेक्ट मॅप्ड आणि टू-वे सेट असोसिएटिव्ह, दोन्हीसाठी पत्त्याचे तुकडे पाडायचे आणि खालचे सहा पत्ते ओळीनं आले तर हिट किती ते काढायचे.

```
0A40  0E40  0E47  0A4C  1245  0A41
```

माझं उत्तर: डायरेक्टला टॅग ५, लाईन ६, ऑफसेट ५. टू-वेला टॅग ६, सेट ५, ऑफसेट ५. हिट डायरेक्टला २, टू-वेला ३. मागे छापलेलं उत्तर डायरेक्टला १ आणि टू-वेला ३ आहे. टू-वेचं जुळलं म्हणजे पद्धत बरोबरच आहे ना? मग डायरेक्टचं छापताना चुकलं का? लवकर सांगजा राजेहो.

वर्धेकडचा
हिट किती आले यावरून काहीच कळत नाही. कोणकोणता पत्ता हिट धरला ते लिही. कॅशे सुरुवातीला रिकामी आहे का? टू-वेत बाहेर काढायचा ब्लॉक कसा निवडायचा, एलआरयू की फिफो?

जिनिंगवाला
तुकडे बरोबर आहेत त्याचे. ३२ बाइट म्हणजे ५ बिट ऑफसेट. २०४८ भागिले ३२ म्हणजे ६४ लाईन, त्याला ६ बिट. उरले ५ टॅगला. यात चुकायला जागाच नाही. या प्रश्नसंचांत उत्तरं चुकीची छापलेली असतात, त्यात काय नवीन? आणि वे वाढले की हिट वाढतात, कमी कधीच होत नाहीत. डायरेक्टला २ अन् टू-वेला ३ हे दिसायलाही ठीक आहे. पुढचा प्रश्न घे भाऊ.

दिग्रसचा_पोट्टा
@वर्धेकडचा कॅशे रिकामी, एलआरयू असं लिहिलेलं आहे. डायरेक्टमध्ये मी 0E47 आणि 0A4C हिट धरले. टू-वेत ते दोन आणि शेवटचा 0A41.

वर्धेकडचा
मग छापील उत्तर बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. 0A40 अन् 0E40 आल्यावर 0E47 लगेच येतो, तो कसाही हिटच. म्हणजे त्यांचा एकुलता एक हिट तोच, आणि 0A4C त्यांच्याकडे मिस आहे. तो मिस व्हायला 0E40 नं 0A40 च्या ब्लॉकला हाकललेलं पाहिजे, म्हणजे दोघांची लाईन एकच पाहिजे. तुझ्या तुकड्यांत ते १८ आणि ५० अशा वेगळ्या लाईनींत जातात. ऑफसेट ५ ऐवजी ४ धरला की दोघं एकाच लाईनीत येतात.

आता ३२ बाइटच्या ब्लॉकला ४ बिट ऑफसेट कधी पुरतो? पत्ता बाइटचा नसून २ बाइटच्या वर्डचा असेल तेव्हा. प्रश्नात ‘वर्ड’ शब्द कुठं आहे का ते पाह्य, आणि पूर्ण प्रश्न टाक. एकही शब्द गाळू नको.

दिग्रसचा_पोट्टा
हाव, आहे ना. पहिल्या ओळीत ‘मुख्य मेमरी ६४ के वर्ड, वर्ड १६ बिटांचा, वर्ड ॲड्रेसेबल’ असं आहे. मले वाटलं ते फक्त पत्ता १६ बिटांचा आहे हे काढायसाठी दिलं, म्हणून नाही लिहिलं.

वर्धेकडचा
काहून गाळलं बावा तेच! सगळं त्या एका ओळीत आहे.

पत्ता वर्डचा, म्हणून आधी सगळी मापं वर्डमध्ये आण. ब्लॉक ३२ बाइट म्हणजे १६ वर्ड, ऑफसेट ४. कॅशे २ केबी म्हणजे १०२४ वर्ड. १०२४ भागिले १६ म्हणजे ६४ लाईन. लाईनींची संख्या बाइटनं काढली काय अन् वर्डनं काढली काय, ६४ च येते, कारण वर आणि खाली दोन्हीकडे तेच माप असतं. म्हणूनच ही चूक लाईनच्या आकड्यात पकडता येत नाही. ती ऑफसेटमध्ये शिरते आणि टॅगचा एक बिट खाऊन टाकते.

```
डायरेक्ट:  टॅग 6 | लाईन 6 | ऑफसेट 4
टू-वे:     टॅग 7 | सेट 5  | ऑफसेट 4

0A40 = 000010 100100 0000   टॅग 2, लाईन 36
0E40 = 000011 100100 0000   टॅग 3, लाईन 36
1245 = 000100 100100 0101   टॅग 4, लाईन 36
```

ऑफसेट नेमका ४ बिट आहे, म्हणजे हेक्स पत्त्याचा शेवटचा एक अंक झाकला की उरतो तो ब्लॉक नंबर. इथं तीनच ब्लॉक आहेत: 0A4, 0E4 आणि 124. तिघंही लाईन ३६ वर. डायरेक्टमध्ये त्या लाईनीत एका वेळी एकच मावतो. 0A40 मिस, 0E40 मिस, 0E47 हिट, 0A4C मिस कारण तिथं आता 0E4 बसला आहे, 1245 मिस, 0A41 मिस. हिट १. छापील उत्तर बरोबर.

यवतमाळ_एक्सप्रेस
ब्लॉक ३२ बाइटचा कसा काय? माझ्या लॅपटॉपवर `getconf LEVEL1_DCACHE_LINESIZE` दिलं तर 64 येते. प्रश्नच चुकीचा आहे.

वर्धेकडचा
तुझ्या लॅपटॉपचा पेपर नाही आहे भाऊ. प्रश्नात दिला तोच ब्लॉक धरायचा.

दिग्रसचा_पोट्टा
डायरेक्टचं समजलं. पण मग माझे तुकडे चुकीचे असून टू-वेचे ३ हिट कसे जुळले? तिथंच तर फसलो.

वर्धेकडचा
योगायोगानं. तुझ्या ५ बिट ऑफसेटनं तिन्ही ब्लॉक सेट १८ मध्ये गेले. खऱ्या ४ बिट ऑफसेटनं ते सेट ४ मध्ये जातात. सेटचा नंबर चुकला, पण तिघं एकाच सेटमध्ये आहेत ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच राहिली, म्हणून मोजणीही सारखीच आली. टॅग ६, सेट ५, ऑफसेट ५ असं लिहिलं असतं तर तुकड्यांचे मार्क गेलेच असते.

टू-वेचा क्रम असा: 0A40 मिस, 0E40 मिस, आता सेट भरला. 0E47 हिट, 0A4C हिट. 1245 ला जागा पाहिजे. एलआरयूत ज्याला हात लावून जास्त वेळ झाला तो जातो, म्हणजे 0E4. 0A4 राहतो, म्हणून 0A41 हिट. एकूण ३.

मोर्शीची_ताई
त्या पाचव्या पत्त्यापाशीच पोरं जास्त चुकतात. आधी आत आला तो आधी जाईल असं धरून 0A4 काढतात. तसं केलं तर 0A41 मिस होतो आणि हिट २ येतात. ते फिफोचं उत्तर झालं. प्रश्नात एलआरयू असेल तर प्रत्येक हिटनंतर त्या सेटमध्ये कोण जुना अन् कोण नवा हे पेन्सिलीनं बदलत जा. फिफोत हिट झाल्यावर काहीच बदलायचं नसतं, फरक तेवढाच.

आणि टॅगसाठी एकूण किती बिट लागतात असं विचारलं तर टू-वेला ३२ गुणिले ७ करू नका. सेट ३२ असले तरी ब्लॉक ठेवायच्या जागा ६४ च आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचा टॅग लागतो. म्हणून ६४ गुणिले ७, म्हणजे ४४८ बिट. डायरेक्टला ६४ गुणिले ६, ३८४.

जिनिंगवाला
वर्ड ॲड्रेसेबल आहे हे त्यानं आधी सांगितलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण ताई, व्हॅलिड बिट धरायचा ना? मग ४४८ नाही, ५१२ होतात.

मोर्शीची_ताई
प्रश्नात ‘टॅग मेमरी’ म्हटलं असेल तर फक्त टॅग.

जिनिंगवाला
आमच्याकडे व्हॅलिडसकट धरतात.

वर्धेकडचा
@जिनिंगवाला वे वाढले की हिट कमी कधीच होत नाहीत, हे तुमचं वरचं वाक्य मात्र चुकीचं आहे. हीच कॅशे घ्या. ब्लॉक ४, ३६, ६८ या क्रमानं दोनदा फिरवा. डायरेक्टमध्ये ४ आणि ६८ लाईन ४ वर भांडतात, ३६ आपल्या लाईन ३६ वर निवांत बसतो, त्यामुळं दुसऱ्या फेरीत त्याचा एक हिट येतो. टू-वेत तिघंही सेट ४ मध्ये, जागा दोन, एलआरयू. ज्याची पुढच्याच क्षणी गरज आहे त्यालाच दर वेळी बाहेर काढलं जातं. हिट शून्य.

जिनिंगवाला
असे मुद्दाम जुळवलेले नंबर असले तर काहीही दाखवता येते. पेपरात नाही येत.

वर्धेकडचा
तीन ब्लॉकवर फिरणारा लूप मुद्दाम जुळवलेला कसा झाला? ‘नेहमी जास्त हिट, खरं की खोटं, कारण द्या’ असं दोन मार्काला विचारलं तर हेच लिहावं लागेल.

दिग्रसचा_पोट्टा
लाईट जायच्या आत याच पत्त्यांवर फोर-वे करून पाह्यलं. सेट १६, तुकडे टॅग ८, सेट ४, ऑफसेट ४. तिन्ही ब्लॉक सेट ४ मध्ये. मिस ३, हिट ३. बरोबर का?

वर्धेकडचा
बरोबर. इथं एलआरयू आणि फिफो दोन्हीला ३ च येतील, कारण चार जागांमध्ये तीनच ब्लॉक आहेत, बाहेर कोणालाच काढावं लागत नाही. आता हाच प्रश्न बाइट ॲड्रेसेबल धरून पुन्हा कर. मेमरी १२८ केबी होईल, पत्ता १७ बिटांचा. टॅग किती येतो ते लिही.

दिग्रसचा_पोट्टा
ऑफसेट ५, सेट ४, टॅग ८. टॅग तेवढाच राहिला?

वर्धेकडचा
हाव. पत्ता एका बिटानं वाढला अन् तो पूर्ण ऑफसेटमध्ये गेला. तू १६ बिटांचा पत्ता वर्डचा ठेवला आणि ऑफसेट बाइटचा काढला, चूक तिथं झाली.

यवतमाळ_एक्सप्रेस
मग माझ्या लॅपटॉपमध्ये वे किती आहेत हे कसं पाहायचं?

मोर्शीची_ताई
`getconf -a | grep CACHE` द्या, त्यात ASSOC असलेल्या ओळी पाहा. आणि त्यासाठी वेगळा धागा काढा.