मदत हवी आहे: बाबांच्या एनएससीवर महागाई सोडून नेमकं किती मिळालं? तीन उत्तरं येताहेत

हिंगणा_रोड

नमस्कार मंडळी. बाबांनी जून २०२० मध्ये पोस्टातून एक लाखाची एनएससी घेतली होती, दर ६.८ टक्के. जून २०२५ मध्ये १,३८,९४९ रुपये हातात आले. तेव्हापासून त्यांचा एकच प्रश्न आहे, "महागाई काढून टाकली तर मला खरं किती सुटलं?" मला त्यांना एक ठाम आकडा सांगायचा आहे.

अधिकृत किरकोळ महागाईची वार्षिक सरासरी मी अशी घेतली: २०२०-२१ ला ६.२ टक्के, मग ५.५, ६.७, ५.४ आणि २०२४-२५ ला ४.६.

हे पाच आकडे सरळ बेरजेने २८.४ होतात. पैसे ३८.९ टक्के वाढले, म्हणून उत्तर १०.५ टक्के. एकावर एक चढवत गुणले तर महागाई ३१.८ टक्के निघते, म्हणजे उत्तर ७.१. ऑफिसमधला मित्र म्हणतो वजाबाकी करूच नको, भागाकार कर. त्याचं उत्तर ५.४. पाच वर्षांच्या एकाच रकमेची तीन उत्तरं कशी? आणि भागाकार का करायचा, हे त्यालाही सांगता आलं नाही.

अमोल_मानेवाडा

भाऊ, वजाबाकीच करा. सगळे तेच करतात. तुमची ३१.८ टक्के महागाई वर्षाला ५.६८ पडते. ६.८ मधून ५.६८ गेले, उरले १.१२. मित्राच्या भागाकाराने १.०६ येईल. सहा शतांश टक्क्यांसाठी कशाला त्रास घेता?

सुधाताई_धरमपेठ

अमोल, वर्षाच्या हिशोबाला तुझं म्हणणं चालतं. पण त्यांनी पाच वर्षांची वाढ आणि पाच वर्षांची महागाई घेतली आहे, तिथे चालत नाही. कारण सांगते.

टक्के जरा बाजूला ठेवा आणि बाबांचा सगळा पैसा तूरडाळीत मोजा. समजा २०२० मध्ये इतवारीत डाळ १०० रुपये किलो होती आणि ती नेमकी सरासरी महागाईनेच वाढली, म्हणजे २०२५ मध्ये १३१ रुपये ८० पैसे. (हे भाव हिशोबापुरते धरले आहेत.) तेव्हा एक लाखात १,००० किलो डाळ आली असती. आज १,३८,९४९ रुपयांत १,०५४ किलो येते. बाबांची ऐपत ५४ किलोंनी वाढली, हजारावर ५४, म्हणजे ५.४ टक्के. मित्र बरोबर आहे.

आता वजाबाकी कुठे घसरते ते बघा. बाबांना जुनी ऐपत नुसती टिकवायलाच आज १,३१,८०० रुपये लागतात. हातात आले १,३८,९४९. फरक ७,१४९ रुपये. इथपर्यंत वजाबाकी अगदी खरी आहे, हे ७,१४९ रुपये खरोखर जास्तीचे आहेत. पण ते २०२५ चे रुपये आहेत. तुम्ही त्यांना २०२० च्या एक लाखाने भागलं, म्हणून ७.१ आलं. आजच्या रुपयांना आजच्याच रुपयांनी भागायला हवं, १,३१,८०० ने. मग ५.४ येतं. आणि ७,१४९ रुपयांत आज डाळ किती येते? ५४ किलोच.

एक्सेलमध्ये एवढंच लिहा:

```
=1.38949/1.318-1
```

साडेदहाचं उत्तर मात्र पूर्ण सोडून द्या. दुसऱ्या वर्षीची महागाई पहिल्या वर्षी वाढलेल्या भावावर चढते, त्यामुळे महागाईची सरळ बेरीज नेहमी कमी भरते. एकीकडे व्याज चक्रवाढ धरायचं आणि महागाई सरळ, हा हिशोब बसत नाही.

अमोल_मानेवाडा

हे पटलं. पण मग वर्षाच्या आकड्यात फरक इतका बारीक का राहतो? चूक तर तीच आहे ना?

सुधाताई_धरमपेठ

चूक तीच, आकार वेगळा. वजाबाकी जितकी जास्त दाखवते तो फरक म्हणजे खरा परतावा गुणिले महागाई. वर्षाला १.०६ टक्क्याचे ५.६८ टक्के, म्हणजे ०.०६. पाच वर्षांना ५.४ चे ३१.८ टक्के, म्हणजे १.७. दोन्ही संख्या लहान असल्या की गुणाकार दिसेनासा होतो. यावरून वजाबाकी चालेल की नाही ते आधीच कळतं.

म्हणून वर्षाचा आकडा तोंडी काढायला वजाबाकी खुशाल करा. पण ते १.१२ घेऊन पुढे पाच वर्षं चढवलं तर ५.७ येईल, ५.४ नाही. मुदत वाढली की ही तफावतही वाढत जाते.

निवृत्त_गुरुजी

माझंही विचारून घेतो. माझे एक लाख पोस्टाच्या मासिक योजनेत होते. व्याज दर महिन्याला घरखर्चात गेलं. मुद्दल पुरतं परत मिळालं. मला पण ५.४ टक्केच धरायचे का?

सुधाताई_धरमपेठ

नाही गुरुजी, तुमचा हिशोब वेगळा आहे. तुम्ही व्याज खर्चलं, ते वाईट नाही, त्यासाठीच ती योजना आहे. पण परत आलेल्या एक लाखाला १.३१८ ने भागा. २०२० च्या भावात ते साधारण ७५,९०० रुपये होतात. व्याजातला मोठा भाग खरं तर मुद्दलाची झीज भरून काढत होता आणि तो खर्च झाला. पुढच्या पाच वर्षांचा खर्च ठरवताना हे जरूर धरा.

निवृत्त_गुरुजी

म्हणजे मुद्दल सुरक्षित आहे असं मी समजत होतो ते रुपयांत खरं, धान्यात नाही. समजलं ताई. घरी हिला दाखवतो.

अमोल_मानेवाडा

आणि कर? माझी एनएससी आहे, मी २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये बसतो.

सुधाताई_धरमपेठ

कर आधी काढायचा, महागाई नंतर, कारण कर पूर्ण व्याजावर लागतो, महागाईने खाल्लेल्या भागावरही. दरवर्षी कर भरला असं धरलं तर ६.८ चे ५.४४ उरतात. ५.६८ महागाईपुढे ते उणे आहे, वर्षाला साधारण पाव टक्क्याची घट. सेस आणि सवलती धरलेल्या नाहीत.

हिंगणा_रोड

ताई, बाबांना कर लागत नाही, तेव्हा त्यांना ५.४ सांगतो. पण ते म्हणतील, "ही महागाई देशाची, नागपूरची सांग." त्यांचा अर्धा खर्च औषधांवर जातो.

सुधाताई_धरमपेठ

५.४ सांगताना "सुमारे" म्हणा. तुमचे आकडे आर्थिक वर्षांच्या सरासऱ्यांचे आहेत. त्यांतून २०१९-२० ची सरासरी ते २०२४-२५ ची सरासरी असा पल्ला मिळतो, म्हणजे बाबांच्या मुदतीच्या आठ-नऊ महिने आधीचा. जानेवारी २०२० मध्ये महागाई ७.५९ टक्के होती, २०२५ च्या मध्याला ती बरीच खाली आली होती. म्हणून जून २०२० आणि जून २०२५ चे निर्देशांकच घेऊन भागाकार केला, तर बाबांचा परतावा थोडा वर सरकेल.

नागपूरसाठी लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक आहे, त्यात नागपूर स्वतंत्र केंद्र आहे. पण जून २०२० चा आकडा २००१ च्या पायावरचा आणि २०२५ चा २०१६ च्या पायावरचा. दोन्ही सरळ भागलेत तर महागाई उणे निघेल, तेवढ्यावरून चूक ओळखता येते. आधी २०२५ चा आकडा जोडगुणकाने गुणून जुन्या पायावर आणावा लागतो. देशाचा २.८८ आहे, नागपूर केंद्राचा वेगळा घ्यायचा.

अमोल_मानेवाडा

पण औद्योगिक कामगाराच्या घरचा खर्च आणि सत्तरीतल्या माणसाचा खर्च एक कसा? औषधांचं वजन त्यात कितीसं असणार?

सुधाताई_धरमपेठ

हे खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे तयार आकडा नाही. बाबांच्या औषधांची २०२० ची बिलं घरात असतील तर तीच औषधं, तितक्याच गोळ्या, आजच्या भावाने मांडा. किराणा आणि विजेचं बिल तसंच. भागाकार तोच राहील, फक्त १.३१८ च्या जागी तुमच्या घरचा आकडा येईल.

हिंगणा_रोड

मेडिकलवाल्याची बिलं बाबांनी फाइलला लावून ठेवलेली आहेत. रविवारी बसतो आणि जो आकडा येईल तो इथे टाकतो.