सोपवता काय येत नाही: जबाबदारी की उत्तरदायित्व? (सराव पेपरमधला वाद)

सात_रस्ता_अभ्यासिका
सराव पेपरातला प्रश्न: "व्यवस्थापक हाताखालच्या माणसाला पुढीलपैकी काय सोपवू शकत नाही? (अ) काम (ब) अधिकार (क) जबाबदारी (ड) उत्तरदायित्व." उत्तरतालिकेत (ड) आहे. आमच्या अभ्यासिकेत निम्मी पोरं (क) वर अडून बसलीत. त्यात भर म्हणजे दुसऱ्या एका पेपरात हाच प्रश्न आला होता, तिथं उत्तरदायित्व हा पर्यायच नव्हता आणि उत्तर "जबाबदारी" दिलं होतं. दोन्ही तालिका बरोबर कशा असतील? परीक्षेत खूण कशावर करायची?

जुना_बीकॉम
तालिका चुकली आहे, (क) वर खूण करा. अधिकार खाली देता येतो, जबाबदारी देता येत नाही, हे आम्हाला कॉलेजात घोटून घोटून शिकवलंय. साहेबानं काम दुसऱ्याला दिलं म्हणून साहेब सुटतो का? नाही ना? मग झालं की. उत्तरदायित्व हे त्याचंच भारदस्त नाव आहे. पेपर काढणाऱ्याला चार पर्याय भरायचे होते, त्यानं भरले.

हिंजवडीतला_सोलापूरकर
उलट आहे काका. जबाबदारी तर आम्ही रोज खाली देतो. आमच्याकडे प्रत्येक प्रोजेक्टला एक तक्ता असतो, त्याला RACI म्हणतात. त्यात R म्हणजे काम करणारा आणि A म्हणजे शेवटी जाब देणारा. एका कामाला R कितीही असू शकतात, A मात्र एकच ठेवायचा. दोन A लिहिले की तक्ता परत पाठवतात. जबाबदारी खाली जातच नसती तर R च्या रकान्यात एवढी नावं आली कुठून? उत्तर (ड), डोळे झाकून.

जुना_बीकॉम
तुमचा तक्ता तुमच्या कंपनीत चालू द्या. इथं विषय परीक्षेचा आहे.

पूर्व_भाग_टीचर
मी अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवते, दरवर्षी अधिकारप्रदानाच्या धड्यावर हाच गोंधळ निस्तरते. तुम्ही दोघंही अर्धं अर्धं बरोबर बोलताय. आपल्या गावचंच उदाहरण घेऊ म्हणजे भांडण मिटेल (किंवा वाढेल).

समजा एक टेरी टॉवेलचा कारखाना आहे. नेव्ही ब्लू रंगाच्या 6,000 टॉवेलांची ऑर्डर आहे. डाईंग दोन लॉटमध्ये झालं. दोन लॉटच्या शेडमध्ये किंचित फरक पडतोच, म्हणून नियम असा की एका खोक्यात एकाच लॉटचा माल भरायचा. प्रॉडक्शन मॅनेजरनं शिफ्ट सुपरवायझरला सांगितलं, "चेकिंग आणि पॅकिंग तुम्ही बघा. शंका आली तर खोका थांबवा, लागली तर माणसं ओव्हरटाइमला ठेवा." सुपरवायझरनं फोल्डिंग खात्यातल्या चेकरला लॉटची चिठ्ठी बघून माल वेगळा करायला बसवलं. तरी दोन्ही लॉट मिसळले आणि गिऱ्हाइकानं माल परत पाठवला.

आता खाली काय काय गेलं ते बघा. तपासायचं काम गेलं. खोका थांबवायचा अधिकार गेला. "हे मी करीन" असं म्हणून चेकरनं ते काम अंगावर घेतलं, म्हणजे त्या कामापुरती जबाबदारीही त्याच्याकडे आली. हिंजवडीवाले जिला R म्हणतात ती हीच.

मालक मात्र जाब कुणाला विचारणार? मॅनेजरला. त्यानं "मी सुपरवायझरला सांगितलं होतं" म्हटलं तर मालक म्हणेल, "त्याला तुम्ही नेमलं, मी तुम्हाला नेमलं." मॅनेजर सुपरवायझरला विचारेल की चिठ्ठ्या नीट लावल्या होत्या का, भरलेली दोन-चार खोकी उघडून बघितली का, चेकर नवीन होता का. सुपरवायझर चेकरला विचारेल की चिठ्ठी का नाही बघितली. प्रत्येक जण आपल्या थेट वरच्याला उत्तर देतो, आणि खालच्यानं उत्तर दिलं म्हणून वरच्याचं उत्तर कमी होत नाही. पेपरात "दोष तिघांत समान वाटला जाईल" असा पर्याय हमखास टाकतात आणि पोरं त्यावर हमखास जातात. मालकानं मॅनेजर आणि सुपरवायझरला डावलून थेट चेकरला बोलावणं हाही तसलाच फसवा पर्याय. चेकरचा साहेब सुपरवायझर आहे.

जुना_बीकॉम
मॅडम, शेवटी मॅनेजर अडकलाच ना? म्हणजे जबाबदारी गेली नाहीच. मी काय वेगळं म्हणत होतो?

पूर्व_भाग_टीचर
तुम्ही ज्याला जबाबदारी म्हणताय ती मॅनेजरकडे राहिली हे खरंच. जुन्या पुस्तकांत त्या शेवटच्या जाबालाच जबाबदारी म्हटलंय आणि "ती सोपवता येत नाही" असं वाक्य सरळ टाकलंय. तुमची पिढी त्यावर शिकली. एनसीईआरटीच्या बारावीच्या व्यवसाय अभ्यासाच्या पुस्तकात तिन्हींचा तक्ता आहे: अधिकार सोपवता येतो, जबाबदारी पूर्णपणे सोपवता येत नाही, उत्तरदायित्व अजिबात सोपवता येत नाही. मधला "पूर्णपणे" वाचला की दोन्ही तालिकांचा उलगडा होतो.

सात रस्ता, खूण अशी करा. पर्यायांत दोन्ही असतील तर उत्तरदायित्व, कारण "अजिबात नाही" त्यालाच लागू पडतं. उत्तरदायित्व नसेल आणि अधिकार, काम, जबाबदारी एवढेच असतील तर जबाबदारी, कारण तिथं प्रश्नकर्त्याच्या मनात शेवटचा जाबच असतो. "(क) आणि (ड) दोन्ही" असा पर्याय आला तर प्रश्नाचं वाक्य पुन्हा वाचा. "अंतिम जबाबदारी" लिहिलं असेल तर दोन्ही. "काम पार पाडण्याची जबाबदारी" लिहिलं असेल तर ती खाली जाते, मग फक्त (ड).

शिफ्ट_बी
मॅडम, तुम्ही टॉवेलचं सांगितलं म्हणून लिहितो. आमच्याकडं सेम असंच झालं होतं. मी सुपरवायझर. शेडचा फरक मला दिसला, मी गोडाऊनवाल्याला सांगितलं गाडी भरू नको. तो म्हणला, गाडी लागलीय, मला वरून सांगितलंय, तुमचं ऐकायचं कारण नाही. गाडी गेली. माल परत आल्यावर माझा पगार कापला. आता तुमच्या हिशोबानं मी उत्तर द्यायला पाहिजे म्हणता, मग पगार बरोबर कापला का? ह्ये लय चुकीचं आहे.

पूर्व_भाग_टीचर
दादा, पगार कापणं योग्य की अयोग्य हे या प्रश्नात येतच नाही. पण तुमच्या गोष्टीतून पेपरातला दुसरा प्रश्न निघतो. माल डिस्पॅचला जाण्यापासून थांबवायचा अधिकार तुम्हाला दिला होता का?

शिफ्ट_बी
तोंडी म्हणले होते, "बघून घ्या". गेटपासवर सही गोडाऊनवाल्याची.

पूर्व_भाग_टीचर
मग तिथंच गाडं अडलं. फेयॉलच्या 14 तत्त्वांत अधिकार आणि जबाबदारी जोडीनं येतात. जेवढ्या कामाचा जाब विचारायचा तेवढा अधिकार त्या माणसाच्या हातात हवा. तुम्हाला तपासायला लावलं, थांबवायची मुभा दिली नाही. म्हणून तपासणीचा जाब तुम्ही द्यायचा आणि गाडी सुटल्याचा जाब तुम्हाला अर्धवट अधिकार देणाऱ्या मॅनेजरनं. पेपरात हे असं येतं: "सुपरवायझरकडे उत्पादन वाढवायचं काम दिलं पण कच्चा माल मागवायचा अधिकार दिला नाही. कोणत्या तत्त्वाचा भंग झाला?" उत्तर: अधिकार आणि जबाबदारी यांची समानता. आदेशाची एकवाक्यता हा तिथला फसवा पर्याय असतो.

हिंजवडीतला_सोलापूरकर
इथं मात्र माझं मत वेगळं आहे मॅडम. सुपरवायझरला फरक दिसला होता. गोडाऊनवाला ऐकत नाही म्हटल्यावर मॅनेजरला फोन करणं त्याच्या हातात होतं ना? अधिकार नाही हे कळल्यावर ते वर कळवणं हेही कामच आहे. न कळवता गप्प बसला तर जाब त्याचाही.

शिफ्ट_बी
रात्रीची शिफ्ट होती साहेब. फोन कोण उचलतंय.

हिंजवडीतला_सोलापूरकर
मेसेज टाकला असता तरी चाललं असतं.

पूर्व_भाग_टीचर
पेपरपुरतं उत्तर मी सांगितलं तेच. कारखान्यापुरतं हिंजवडीकरांच्या म्हणण्यात दम आहे, ते मी खोडत नाही.

कोर्टाजवळचा_वकील
वर सगळे "अधिकार सोपवता येतो" हे वाक्य बिनधास्त वापरतायत. तेही सरसकट खरं नाही. कंपनी कायदा 2013, कलम 179(3) बघा. कर्ज काढणं, पैसे गुंतवणं, कर्ज देणं हे अधिकार संचालक मंडळ ठराव करून समितीला किंवा व्यवस्थापकीय संचालकाला देऊ शकतं. पण शेअर्स वा रोखे काढणं, वित्तीय विवरणपत्रं मंजूर करणं असे अधिकार मंडळानं सभेत बसूनच वापरायचे, ते खाली देता येत नाहीत. म्हणून "सर्व अधिकार सोपवता येतात" असं विधान चूक की बरोबर विचारलं तर चूक.

दुसरं, कारखान्यांचं. 1948 च्या कारखाना कायद्यात "ऑक्युपायर" म्हणजे भोगवटादार ठरवायचा असे. कंपन्या एखाद्या अधिकाऱ्याचं नाव द्यायच्या, म्हणजे खटला झाला तर तो उभा राहील. जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीचा कारखाना असेल तर भोगवटादार संचालकच हवा, नोकराचं नाव चालणार नाही. मॅनेजर नेमा, सेफ्टी ऑफिसर नेमा, अधिकार वाटा, संचालक त्यातून बाहेर पडत नाही.

जुना_बीकॉम
बघा! जबाबदारी सोपवता येत नाही! सर्वोच्च न्यायालयही तेच म्हणतंय.

कोर्टाजवळचा_वकील
काका, त्याच कायद्यात भोगवटादारासोबत मॅनेजरही दोषी धरायचे. दोघंही. खालचा जबाबदार झाला, वरचा सुटला नाही. मॅडमनी टॉवेलवर सांगितलं तेच.

जुना_बीकॉम
म्हणजे मीच बरोबर. मॅडम फक्त लांब सांगतात.

सात_रस्ता_अभ्यासिका
पर्याय बघून खूण करायचं कळलं. आता अजून एक, हेही त्याच पेपरातलं: "अधिकार सोपवल्यावर तो व्यवस्थापकाकडे उरत नाही. चूक की बरोबर?" तालिकेत चूक आहे. पण खाली दिला तर वर उरतो कसा?

पूर्व_भाग_टीचर
चूकच. मॅनेजरनं खोका थांबवायचा अधिकार सुपरवायझरला दिला तरी मॅनेजर स्वतः खोका थांबवू शकतो, आणि उद्या तो अधिकार काढूनही घेऊ शकतो. आता उलटं करून बघा: अधिकार त्याच्याकडे उरलाच नसता तर मालकानं त्याला जाब तरी कशाच्या जोरावर विचारला असता? म्हणून हे दोन प्रश्न एकाच पेपरात जोडीनं येतात.

शिफ्ट_बी
मग आमच्या मॅनेजरकडंही अधिकार होताच की गाडी थांबवायचा. त्याचा पगार कुठं कापला?

हिंजवडीतला_सोलापूरकर
हा प्रश्न मात्र रास्त आहे.